मूठभर मिठाची ओळ

माझ्या लग्नातली टसर साडी तुमच्या आईने तुमच्याकडे पाठवली, तेव्हा तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत की ही कशी धुवायची, मशीनमध्ये चालेल का. मी म्हटलं, लिहून कळवते. त्यावर तुमचं म्हणणं, आजी, दोन ओळींतच कळव, मोठं नको. म्हणून हे मोठं लिहिते आहे. दोन ओळींत लिहिण्याची हौस मी एकदा भागवून घेतली आहे.

मेन रोडवरचं कापडाचं दुकान तुम्हाला आठवत असेल. लहानपणी सुट्टीत आलात की तिथल्या पांढऱ्या गादीवर तुम्ही लोळायचात आणि दुकानाचे मालक चाचा तुम्हाला रेवड्या द्यायचे. त्यांची धाकटी सून माझी शेलूबाजारच्या शाळेतली विद्यार्थिनी. दहावीला इंग्रजीत शाळेत पहिली आली होती. पुढे शिकायचं म्हणत होती, पण बारावीनंतर लग्न झालं आणि ती शेलूबाजारहून इथे मालेगावला आली. आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावला. पत्ता सांगताना हे मला आयुष्यभर सांगावं लागलं आहे. सासरचं दुकान पुढे आणि घर मागे. मधला पडदा ओलांडून पुढे यायला तिला दहा वर्षं लागली. गेल्या वर्षी चाचांनी एक कप्पा तिला दिला, हातमागाच्या साड्यांसाठी. सुती साड्या आणि भंडाऱ्याकडच्या करवतकाठी. अट एकच होती. लग्नसराई संपेपर्यंत गिऱ्हाइकाची एकही तक्रार यायला नको. आली तर कप्पा रिकामा, आणि ती पुन्हा पडद्यामागे. हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे पुढे जे झालं ते मला माहीत नसताना झालं, असं मी म्हणू शकत नाही.

करवतकाठी म्हणजे तुमच्याकडे आली आहे तीच जात. अंग टसर रेशमाचं, मधाच्या रंगाचं, आणि काठ सुती, बहुतेक लाल, त्यावर करवतीच्या दातांसारखी नक्षी. एकाच साडीत दोन वेगळ्या स्वभावांचे धागे. सगळी गोष्ट यातच आहे, पण ते मला तेव्हा सुचलं नाही.

तिने फोनवर गिऱ्हाइकांचा एक ग्रुप केला होता. त्यात साड्यांचे फोटो टाकायची. बायका घ्यायच्या आणि मग विचारत बसायच्या, धुवायची कशी, ठेवायची कशी. एक दिवस घरी आली आणि म्हणाली, "बाई, तुमी लिवून द्या ना. तुमाले सारं माहीत हाय."

मी लिहून दिलं. फुलस्केपची दोन पानं, समास सोडून. 'सुती साडी' असं एक शीर्षक, 'टसर व रेशमी साडी' असं दुसरं, आणि खाली 'साठवण'. सुती साडी पहिल्यांदा धुताना थंड पाण्यात मूठभर जाडं मीठ टाकून अर्धा तास एकटीच ठेवावी, म्हणजे रंग कमी सुटतो. नंतर साध्या पाण्यातून काढून, न पिळता, सावलीत उलटी वाळवावी. टसर पहिल्यांदा ड्रायक्लीनलाच द्यावी. पुढे घरी धुवायची झालीच तर काठाचा रंग आधी पांढऱ्या ओल्या फडक्याने पुसून बघावा, आणि रिठ्याच्या थंड पाण्यातून झटपट काढावी. भिजत घालू नये, कारण काठाचा रंग रेशीम लगेच धरतं. खळ घातलेली साडी खळ काढल्याशिवाय वर्षभरासाठी ठेवू नये, खळीला कसर लागते. प्लास्टिकच्या पिशवीत नको, जुन्या मलमलच्या कापडात गुंडाळावी. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नयेत, सुकलेल्या कडुनिंबाची पुरचुंडी बरी. तीन महिन्यांनी काढून वेगळ्या रेषेवर घडी घालावी, नाहीतर घडीवरच कापड विरतं.

हे सगळं बरोबर होतं. आजही बरोबर आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे, मशीनचं नावही काढू नका.

तिने दोन्ही पानं वाचली आणि हसली. "बाई, हे पेपरासारखं वाटते. प्रश्न पहिला, सोडवा कोनतेही तीन."

"मग काय करू?"

"लहान करा. आन् घरच्यासारखं लिवा. आमच्या गिऱ्हाइकाले शिर्षक-बिर्षक पाहून भेव लागते."

मला ते लागलं. चाळीस वर्षं शिकवल्यावर कोणी आपलं लिहिणं परीक्षेसारखं आहे म्हटलं की लागतं. मी ठरवलं, दाखवतेच हिला. दुपारभर बसले. शीर्षकं काढली. दोन पानांच्या दहा ओळी केल्या. पहिली ओळ जमली तेव्हा मी एकटीच हसले होते, ते आठवतं: 'नवी साडी म्हणजे नवी सून. पहिल्याच दिवशी तिला सगळ्यांत मिसळू नका. थंड पाणी, मूठभर मीठ आणि अर्धा तास एकटीला राहू द्या.' पुढे टसरबद्दल लिहिलं, 'टसर तर सहसा धुवावीच लागत नाही, ती मोठ्या घरची लेक.' तेही मला फार आवडलं.

शीर्षकं गेली तेव्हा त्यांच्याबरोबर 'सुती' हा शब्दही गेला. मी दोनदा वाचून बघितलं. शुद्धलेखन तपासलं, विरामचिन्हं तपासली. टसर नवीकोरी असताना कोण कशाला धुवेल, हा माझा हिशेब होता. शिवाय सून गिऱ्हाइकाला तोंडाने ड्रायक्लीन सांगतेच.

ती पोस्ट दुकानाच्या नावाने गेली, साडीच्या एका सुंदर फोटोवर. माझं नाव घालू का, असं तिने विचारलं होतं. मी नको म्हटलं. त्याला विनय म्हणायची माझी सवय होती.

पोस्ट उधळली. बचत गटांच्या ग्रुपमध्ये गेली, शाळेच्या माजी विद्यार्थिनींच्या ग्रुपमध्ये गेली, तिथून मलाच चार जणींनी पाठवली. 'किती गोड लिहिलंय ना.' मी त्यांना अंगठा पाठवला.

महिनाभराने मी दुकानात बसले होते. गुडघ्यामुळे गादीवर बसवत नाही, म्हणून माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची खांबाला टेकवून ठेवलेली असते. चाचा गल्ल्यावर आणि सून तिच्या कप्प्यासमोर. तेवढ्यात किन्हीराजाहून एक बाई आली, हातात कापडी पिशवी. मुलीच्या लग्नासाठी तिने या कप्प्यातली करवतकाठी नेली होती. लग्न आठ दिवसांवर आलं होतं. तिने पिशवीतून साडी काढली आणि गादीवर पसरली.

लाल काठ अंगात उतरला होता. मधाच्या रंगावर हातभर रुंदीचे गुलाबी ढग, कुठे गडद, कुठे फिके, आणि त्यांच्या कडेने पाण्याचे डाग.

"हे पाहा," ती म्हणाली. "तुमी सांगतलं तसंच केलं म्या."

सुनेने साडीला हात लावला आणि काढून घेतला. "काकू, नवी साडी धुतली कायले? म्या ड्रायक्लीन म्हनलं होतं ना."

"माह्या जावेनं घडी मोडली."

ही चाल तुम्हाला माहीत नसेल. नवी साडी आपण स्वतः आधी नेसायची नाही. जिचा संसार नीट चालला आहे, जिचा हात चांगला आहे, अशा बाईला आधी नेसायला द्यायची. त्याला घडी मोडणं म्हणतात. नवरीची साडी तर हटकून देतात. माझीही माझ्या मोठ्या नणंदेने मोडली होती. म्हणजे हे मला ठाऊक होतं. नवीकोरी टसर नवरीच्या अंगावर जाण्याआधी एकदा नेसली जाते हे मला पन्नास वर्षांपासून ठाऊक होतं, आणि लिहिताना ते माझ्या डोक्यात आलं नाही.

नवरीची आई सांगत होती. जाऊ साडी नेसून देवळात जाऊन आली, घरी जेवली, पदरावर तेलाचा थेंब पडला, घामही आला. अशी साडी पोरीला कशी द्यायची? ड्रायक्लीनवाला वाशीमला, तो आठ-दहा दिवस म्हणाला. मग तिच्या दुसऱ्या मुलीने फोनवर दुकानाची पोस्ट वाचून दाखवली. नवी साडी, थंड पाणी, मूठभर मीठ, अर्धा तास.

"घड्याळ लावून बसली मी," ती म्हणाली. "अर्ध्या तासाच्या वर एक मिनिट नाई ठुली. एकटीच ठुली. जसं लिवलं तसं."

ती रडत नव्हती. आवाजही चढला नव्हता. ती मला माझाच धडा पाठ म्हणून दाखवत होती आणि एकही शब्द चुकत नव्हती.

चाचांनी चष्मा वर केला. "ये किसने लिखा था?"

मी खुर्चीत होते. मला वाटतं मी तोंड उघडलं होतं. पण सून माझ्याकडे न बघता म्हणाली, "मैंने, अब्बा."

"तुमने?"

"हौ."

चाचांनी साडीची घडी घालून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "सराई संपेपर्यंत म्हनलं होतं मी. कप्पा उद्या खाली कर." आणि नवरीच्या आईला म्हणाले, "तुमी बसा ताई, चहा घ्या. दुसरी साडी पसंत करा, जी म्हनसान ती."

"दुसरी कायची?" ती म्हणाली. "घडी मोडलेली साडी बदलत असते का कुठं? माह्या पोरीले हेच नेसाची हाय."

आणि मी बोलले नाही. हे तुमच्यापासून लपवायचं असतं तर हे लिहायचंच नव्हतं. माझ्याजवळ कारण होतं, आणि ते चांगलं दिसणारं होतं. मी आता बोलले तर सून सासऱ्यासमोर खोटी ठरेल, तिने खोटं बोलून जे अंगावर घेतलं आहे ते दुप्पट होईल. गप्प राहिले तर तिचा कप्पा जातो. कुठलीही बाजू उचलली तरी ओझं तिच्याच डोक्यावर पडत होतं, आणि माझं नाव दोन्हीकडून कोरडं. मी खांब आणि गादीच्या मधल्या त्या खुर्चीत बसून राहिले. उठायचं तर गुडघ्यामुळे कोणीतरी हात द्यावा लागतो, आणि हात द्यायला रोज सूनच येते. त्या दिवशीही आलीच. तिने मला उठवलं, ऑटोपर्यंत सोडलं.

"असं काहून केलं तू?" मी विचारलं.

"तुमी आमच्या बाई हा," ती म्हणाली. "चार लोकांसमोर तुमची चूक कशी सांगू?"

घरी आल्यावर मी आधी पोस्ट पुसायचा प्रयत्न केला. ती सुनेच्या फोनवरून गेली होती, आणि महिनाही झाला होता. फोन म्हणाला, तुमच्यापुरती पुसता येईल. सर्वांसाठी पुसण्याचा पर्याय तिथे नव्हताच. माझ्यापुरती पुसली. संध्याकाळी माझी एक जुनी मैत्रीण, अमरावतीची, तिने तीच पोस्ट मला पाठवली; खाली कोणीतरी स्वतःच्या मनाने जोडलं होतं, 'सर्व प्रकारच्या साड्यांसाठी उपयुक्त.' मी तिला दुरुस्ती पाठवली. तिने उत्तर दिलं, 'अगं पण ही लिहिणारी जाणकार दिसते.'

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळी मी गेले. चाचा शटर वर करत होते. सून अजून मागे होती. मी उभ्यानेच सांगितलं की ती पोस्ट माझी आहे, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, आणि चूकही माझी आहे.

"मालूम है मॅडम," ते म्हणाले.

त्यांनी शटर पूर्ण वर ढकललं.

"उसमें 'सहसा' लिहेल होतं. आमच्या घरात 'सहसा' कोन बोलते?" त्यांनी कुलूप खिशात टाकलं. "बहूने खोटं सांगतलं तवाच समजलं होतं. मी पाहून राह्यलो होतो, तुमी बोलता का."

याच्याइतकं खाली मला कुठल्याही तपासनिसाने बसवलं नव्हतं.

मी म्हटलं, मग तिचा कप्पा राहू द्या. ते म्हणाले, आधी साडीचं पाहू. नवरीच्या आईने दुकानातच ठेवलेली ती साडी घेऊन आम्ही तिघं स्टँडमागच्या म्हाताऱ्या रंगाऱ्याकडे गेलो. त्याने काठ बोटांत चोळला, अंग उजेडात धरलं. डाग निघायचे नाहीत म्हणाला, रेशमाने पिऊन टाकले आहेत. अंग गडद रंगवता येईल, मरून. रेशमाचा रंग सुती काठाला फारसा लागत नाही, काठ आपला लाल राहील. पण मधावर लाल जसा उठून दिसायचा तसा मरूनवर उठणार नाही. करवतीचे दात बुजतील.

नवरीच्या आईला फोन मी केला. सांगितलं की लिहिणारी मी. मग ती म्हणाली, "तुमी मास्तरीन ना?"

"हो."

"मग तर वाचून पाह्यचं होतं ना बाई, द्यायच्या आधी."

मी दोनदा वाचलं होतं, हे तिला सांगितलं नाही. मरूनला ती तयार झाली, कारण दुसरा रस्ता नव्हता. पोरीने मधाचा रंग निवडला होता, दुकानात तासभर बसून. लग्नाच्या चार दिवस आधी साडी रंगून आली. मऊ होती, डाग गेले होते. काठ मात्र जवळ जाऊन बघावा लागत होता. लग्नाचं आमंत्रण सुनेला होतं, मला नव्हतं. तिने परत येऊन सांगितलं की नवरी चांगली दिसत होती. साडीबद्दल मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

कप्प्याचा निकाल चाचांनी दिला तो असा. कप्पा राहील. पण सराई संपेपर्यंत दर बाजाराच्या दिवशी मी दुकानात येऊन बसायचं आणि हातमागाची साडी घेणाऱ्या प्रत्येक बाईला साडी हातात धरून, तोंडाने सांगायचं, कशी धुवायची. "तुमचे शब्द हाय, तुमीच सांगा," एवढंच म्हणाले. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी आग्रह केला नसता, फक्त कप्पा रिकामा झाला असता. म्हणून तुमचा फोन बाजाराच्या दिवशी आला की मी उचलत नाही. सकाळी दहा ते दुपारी चार मी त्या खुर्चीत असते. हे मी तुमच्या बाबाला अजून सांगितलेलं नाही, तो काळजी करतो.

आता मी आधी विचारते, साडी कोणासाठी, घडी कोण मोडणार, कधी मोडणार. मग काठ आणि अंग दोन्ही त्यांच्या बोटांत देते, हे सूत, हे रेशीम, बघा फरक लागतो का हाताला. घडी मोडणारीला नेसताना आतून जुनं परकर-पोलकं घालायला सांगा, जेवायच्या आधी साडी बदलायला सांगा, म्हणजे धुवायची वेळच येणार नाही. थेंब पडलाच तर लगेच टाल्कम पावडर टाकून तसंच ठेवा, पाणी लावू नका. सून शेजारी उभी राहून घड्या घालते आणि मी काही विसरले तर नुसती खोकते.

गेल्या बाजारी जऊळक्याची एक बाई टसर घेऊन निघाली होती. मी सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन काढून माझ्यासमोर धरला. तोच फोटो, त्याच दहा ओळी.

"पन आजी, इथं तं मीठ म्हनते."

"ते चुकीचं आहे. टसरला मीठ नाही."

"तुमाले काय माहीत?" ती म्हणाली, रागाने नाही, समजावल्यासारखी. "हे शिकलेल्या मानसानं लिवलं हाय. पाहा ना कसं लिवलं, नवी साडी म्हंजे नवी सून."

चाचांनी गल्ल्यावरून मान वर केली नाही. सून खोकली.

"ते मीच लिहिलं," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या खुर्चीकडे, खांबाला टेकवलेल्या काठीकडे. मग सुनेला हळूच म्हणाली, "म्हातारं मानूस हाय, राहू द्या."

मी तिचा हात धरून ठेवला. सुनेला म्हटलं, एक पांढरं फडकं ओलं करून आण. ते मी त्या नव्या साडीच्या काठावर, अगदी आतल्या टोकाला, जोरात घासलं आणि तिला दाखवलं. फडकं लाल झालं होतं. तिने त्या लालीवर बोट फिरवलं. मग फोन पिशवीत टाकला आणि म्हणाली, "आता सांगा पुन्यांदा. पयल्यापासून." मी पहिल्यापासून सांगितलं. बाहेर अजून तिघी उभ्या होत्या, आणि वाजले होते फक्त साडेअकरा.